एका प्रश्नाची दोन उत्तरे

मागच्या व्याख्यानात आपण 1983 सालचा कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता हा निकाल पाहिला. उत्तरसूची बरोबर आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे. मात्र ती उघड चुकीची ठरली, तर बरोबर लिहिणाऱ्या मुलाला शिक्षा नको. प्रश्नच संदिग्ध असेल तर तो वगळावा आणि त्याला गुणच देऊ नयेत, असेही त्यात म्हटले होते. आता 2024 च्या ‘नीट’कडे येऊ.

भौतिकशास्त्रातल्या एका प्रश्नात दोन विधाने होती. पहिले, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. त्यावर वाद नाही. दुसरे, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. किरणोत्सारी मूलद्रव्ये आठवा, हे विधान कोसळतेच. पण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसे छापलेले होते. नव्या पुस्तकात ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ अशी दुरुस्ती झाली. मुलांनी जुने पुस्तक पुढे केले, आणि परीक्षा घेणाऱ्या एनटीएने पर्याय 4 (दुसरे विधान चूक) याच्याबरोबर पर्याय 2 (दोन्ही बरोबर) यालाही गुण दिले. पर्याय 2 निवडणारे 4,20,774 विद्यार्थी होते!

यातली गंमत आकड्यांत आहे. बरोबर उत्तराला 4, चुकीला वजा 1, कोऱ्याला शून्य. समजा तिघांचे उरलेले 179 प्रश्न बरोबर आहेत, म्हणजे प्रत्येकी 716. या प्रश्नाला पहिल्याने 4 निवडला, दुसऱ्याने 2, तिसऱ्याने जागा कोरी सोडली. दोन्ही उत्तरे मान्य केली तर 720, 720, 716. एकच मान्य केले तर 720, 715, 716. पाहा, दुसरा आणि तिसरा यांचा क्रम उलटला.

प्रश्न रद्द केला असता तर? कुणी म्हणते सर्वांना 4 द्या, कुणी म्हणते प्रश्नच काढून टाका. भांडण जोरात होते, पण पहिल्या रीतीत तिघेही 720, दुसऱ्या रीतीत तिघेही 716. सगळेच चारने सरकले, क्रम तोच. फरक पडतो तो ठरावीक गुणांची पात्रता-रेषा असेल तिथे. आणि ‘ज्यांनी सोडवला त्यांनाच 4’ म्हटले की मात्र कोरा सोडणारा पुन्हा मागे पडतो. न कळणारे न लिहिणे हा प्रामाणिकपणा आपण उणे गुण लावूनच शिकवलेला असतो, हे विसरू नये.

सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलैला आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञ नेमायला सांगितले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: फक्त पर्याय 4. मग पर्याय 2 वाल्यांचे पाच-पाच गुण गेले. 720 पैकी 720 मिळवणारे सुरुवातीला 67 होते. त्यातले 6 वेळ वाया गेल्याच्या वाढीव गुणांमुळे (तो वेगळा विषय), आणि 44 या एका प्रश्नामुळे. उरले 17.

जुने पुस्तक वाचून 2 निवडणाऱ्या मुलाची बाजू आम्हांला कमकुवत वाटत नाही. पण त्याला 4 दिल्याने त्याच्या शेजारी शंका येऊन थांबलेल्या मुलाचे चार गुण जात होते, आणि मूळ निकालात त्याचा हिशेब कुणीच मांडला नव्हता.