१०० किलो प्लास्टिकमधून तेल किती निघतं? आणि याला रिसायकलिंग म्हणायचं का?

भंगारवाला पाण्याच्या बाटल्या घेतो, पण मळक्या कॅरीबॅग आणि दुधाच्या फाटक्या पिशव्या घेत नाही. अशा प्लास्टिकसाठी हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे पायरोलिसिस. बंद भट्टीत, हवा न लागू देता, प्लास्टिक साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवलं जातं. त्याच्या लांब साखळ्या तुटून वाफ होते आणि ती थंड केली की तेल मिळतं.

'एक किलो प्लास्टिक, एक लिटर तेल' हा दावा तुम्हीही ऐकला असेल. प्रयोगशाळेत, धुतलेल्या पॉलिथिनवर तो जवळपास खराही ठरतो. कचरा मात्र धुतलेला नसतो.

समजा, भट्टीच्या दारात १०० किलो कचरा आला. त्यात १५ किलो पाणी आणि माती. निवडताना आणखी १० किलो बाजूला पडतं, कारण त्यात पीव्हीसी आणि पेट असतं. उरलेल्या ७५ किलोतून सुमारे ५० किलो तेल, १५ किलो गॅस आणि १० किलो काळी राख मिळते. गॅस बहुतेक वेळा भट्टी तापवायलाच जाळला जातो.

निवडणं चुकलं, तर खरी पंचाईत होते. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. तापल्यावर त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, ते पाइप खातं आणि थोडं क्लोरीन तेलातही उतरतं. असा गॅस नीट न जाळल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात. पेटपासून तेल फारसं निघत नाही, उलट त्याची पांढरी आम्लं थंड नळ्यांमध्ये साचून त्या तुंबतात. राखेत रंगांमधले जड धातू उतरतात, त्यामुळे ती तपासल्याशिवाय कुठेही टाकता येत नाही.

आता मूळ प्रश्न. हे ५० किलो तेल बॉयलरमध्ये जाळलं, तर सुमारे १५५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि प्लास्टिक कायमचं संपतं. युरोपीय संघाच्या कायद्यात इंधन बनवणं रिसायकलिंगमध्ये धरलं जात नाही. भारतातही २०२२च्या नियमांनी 'प्लास्टिकपासून तेल' हा प्रकार रिसायकलिंगमध्ये न ठेवता शेवटच्या विल्हेवाटीत टाकला आहे. ज्याचं रिसायकलिंग होऊच शकत नाही, तेवढंच प्लास्टिक तिकडे पाठवायचं.

तेल पेट्रोकेमिकल कारखान्यात नाफ्त्याऐवजी वापरलं, तर त्यातून नवं प्लास्टिक बनू शकतं. पण तिथे क्लोरीन दशलक्षात काही भागच चालतं. म्हणून तेल आधी शुद्ध करावं लागतं किंवा भरपूर नाफ्त्यात मिसळावं लागतं. एवढं करूनही नाफ्त्याच्या हिशेबाने ५० किलोतून इथिलीन आणि प्रोपिलीन मिळून २०-२५ किलोच हाती येतं. म्हणजे दारात आलेल्या १०० किलोपैकी पुन्हा प्लास्टिक होणारा वाटा फार तर पाव.