दऱ्या, दर्या आणि निर्णयसागरचे खिळे

लांब मजकूर वाचताना डोळे दमले की आपण म्हणतो, अक्षर बारीक आहे. पण देवनागरीत अनेकदा दोष जागेचा असतो. 'मूर्ती' लिहायचं तर ऊकार खाली लटकतो, आणि रफार नि वेलांटी वर एकाच ठिकाणी गर्दी करतात. रोमन लिपीला अशी तीन मजली ओळ लागत नाही.

हा पेच छापखान्यात आला तेव्हा मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसच्या थॉमस ग्रॅहमनी मात्रा वेगळ्या खिळ्यांवर पाडल्या. ही 'डिग्री' पद्धत. खिळ्यांची संख्या कमी झाली, जुळाऱ्याचं काम सोपं झालं. पण जुळणी सैल झाली की अक्षर आणि मात्रा यांच्यात फट दिसायची. त्याच प्रेसमध्ये लहानपणी काम केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेला टाइप पुढे संस्कृत-मराठी ग्रंथांची ओळखच झाला. माझ्या मते त्याचं रहस्य नक्षीत नव्हे, गोलाईत आहे. बोरूची टोक तिरकी कापलेली असते, म्हणून रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. हाताची ती लय त्या टाइपात टिकली आहे, पण हस्ताक्षराचा वेडेवाकडेपणा आलेला नाही.

तुम्हाला 'आपलं' वाटणारा फॉन्ट हवा असेल तर इथेच थांबून विचार करा. हस्ताक्षरासारखा 'कलम' हा फॉन्ट शीर्षकाला छान दिसतो. दोन हजार शब्दांना मात्र सारखा तोच तो खेळकरपणा जड होतो. तिथे 'मुक्ता'सारखं शांत अक्षर बरं.

पण नावावर जाऊ नका, तपासा. 'दऱ्या' आणि 'दर्या' शेजारी लिहा. एक डोंगरातली, दुसरा समुद्र. फॉन्टमध्ये आडवा अर्धा र नीट नसेल तर पहिला शब्द मोडतो. मग 'लाल शाल' लिहा. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ल-श यांना क्रमांक एकच आहे, वळण वेगळं. फॉन्टमध्ये मराठी वळण असलं, तरी मजकूर मराठी आहे हे सांगितल्याशिवाय ते उमटेलच असं नाही. आमच्या बिलोलीत तेलुगू-हिंदी पाट्या रोज डोळ्यांखालून जातात, त्यामुळे हिंदी ल खटकतही नाही, पण २००९ च्या शासन निर्णयात मराठी वळणंच प्रमाण ठरली आहेत.

```
<article lang="mr" style="line-height:1.7">
```

१.७ हा माझा अंदाज. स्वस्त फोनवर 'मूर्ती' आणि 'विठ्ठल' वरखाली येतील अशा दोन ओळी टाका. खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ऊकाराला टेकली तर आकडा वाढवा. आणि जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये काही टंकू नका. तो फॉन्ट वाचकाकडे नसेल तर 'दऱ्या'च्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो, आणि दहा वर्षांनी तो शोधूनही सापडत नाही.