बदनामी आणि प्रामाणिक मत (ग्राहक-अभिप्राय)

डॉक्टर किंवा दुकानदार यांच्याविषयी जाहीरपणे लिहिलेला कठोर अभिप्राय बदनामी ठरतो की प्रामाणिक मत, हे त्यातील शब्दांच्या तिखटपणावरून नव्हे, तर त्यात घटनेचे विधान केले आहे की घटनेवरील मत मांडले आहे, यावरून मुख्यतः ठरते. भारतात बदनामी हा दिवाणी अपकृत्याचा विषय आहे, तसाच फौजदारी गुन्हाही आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ पूर्वी त्यास लागू होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू आहे.

सांगली जिल्ह्यातील कुंडल येथील एका काल्पनिक रुग्णाचे उदाहरण घेता येईल. “तीन तास बसवून ठेवले, तपासणी दोन मिनिटांत उरकली, ही बेपर्वाई आहे” असे त्याने लिहिले. वेळेचा तपशील खरा असेल, तर ‘बेपर्वाई’ हे त्यावरील मत होय. ते इतरांना पटले नाही तरी चालते. वाचकाला आधार दिसतो आणि तो स्वतः निर्णय करू शकतो. मात्र “गरज नसताना पैशासाठी शस्त्रक्रिया केली” हे घटनेचे विधान आहे. ते सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर येतो. आरंभी ‘माझ्या मते’ किंवा ‘असे ऐकले’ जोडल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही, हा समज फार रूढ असला तरी.

दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव असतो. फौजदारी खटल्यात सत्याबरोबर लोकहितही दाखवावे लागते. स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा लोकांच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या आरोपासही अपवाद आहे. परंतु कायद्यातील सद्भावना म्हणजे केवळ निर्मळ मन नव्हे, तर योग्य काळजी व दक्षता. शेजाऱ्याकडून ऐकून, पावती वा अहवाल न पाहता लिहिणाऱ्यास हा अपवाद सहसा तारत नाही.

वस्तूंच्या परीक्षणाबाबत हाच भेद मॅरिको कंपनीच्या प्रकरणात पुढे आला. कंपनीच्या खोबरेल तेलावर टीका करणारी चित्रफीत एका यूट्यूबरने प्रसिद्ध केली होती. हे प्रकरण व्यक्तीच्या बदनामीचे नसून मालाच्या अपप्रचाराचे होते. जानेवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी ती विधाने मत म्हणून नव्हे, तर तथ्य म्हणून मांडली गेल्याचे नमूद करून चित्रफीत काढण्याचा अंतरिम आदेश दिला. फेब्रुवारीत खंडपीठाने त्यास अटींवर स्थगिती दिली. त्यामुळे तो आदेश अंतिम निकाल म्हणून उद्धृत करणे चुकीचे ठरते.

बदनामीच्या नुकसानभरपाईचा दिवाणी दावा प्रसिद्धीपासून एका वर्षात दाखल करावा लागतो. फौजदारी तक्रार बाधित व्यक्तीने थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावयाची असते.