'बालक-पालक' आणि शेण खाणं

काल रात्री ट्रॉम्बेच्या घरी, पंधरा वर्षांच्या लेकासोबत रवी जाधवचा 'बालक-पालक' पाहिला. ४ जानेवारी २०१३ ला तो आला, तेव्हा मित्रांबरोबर पाहून नुसता हसलो होतो. काल बापाच्या खुर्चीत बसून पाहिला. जाम अवघडलो, राव!

गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या चाळीतली. ज्योतीताई अचानक घर सोडून जाते आणि मोठी माणसं कुजबुजतात, 'तिनं शेण खाल्लं.' म्हणजे नक्की काय केलं, हे अव्या, भाग्या, डॉली आणि चिऊला कुणी सांगेना. मग ते विशूला गाठतात. आधी पिवळी पुस्तकं, मग व्हिडिओ कॅसेट.

इथे इतिहास कामाला येतो. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ भाड्याचे व्हीसीआर. कॅसेट पाहायची तर पैसे जमवा, रिकामं घर शोधा. आज ते दोन्ही अडथळे गेलेत. मोठ्यांची कुजबुज तेवढी तशीच आहे.

पोरं पाहिलेलं खऱ्या आयुष्यात शोधायला लागतात आणि गडबडतात. शेवटी कुणीतरी मोठं त्यांच्याशी सरळ बोलतं. कॅसेटमध्ये शरीर होतं. प्रेम, लाज, जबाबदारी नव्हती.

सिनेमा संपल्यावर उपदेश टाळला. एवढंच विचारलं, "चाळीतल्या मोठ्यांनी काय सांगायला हवं होतं?"

तो म्हणाला, "बाबा, आधी तुम्ही सांगा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. तिथूनच सुरुवात केली.