कौशल्य–पदनाम जुळवणी

कौशल्य–पदनाम जुळवणी म्हणजे नोकरीच्या अनेक जाहिरातींतील कामाची वर्णने ताडून पाहून, एखाद्या व्यक्तीला अवगत असलेली कौशल्ये कोणकोणत्या पदनामांखाली मागितली जातात हे शोधण्याची पद्धत होय. एकच काम निरनिराळ्या संस्थांत निरनिराळ्या नावांनी ओळखले जाते. त्यामुळे केवळ परिचित पदनामाने शोध घेतल्यास अनेक योग्य जागा नजरेआड राहतात.

== पद्धत ==
प्रथम व्यक्ती आपली कामे क्रियापदांच्या रूपात लिहून काढते. त्यानंतर पदनामाऐवजी त्या कामांचे शब्द वापरून साधारणपणे ३० ते ४० जाहिराती जमवल्या जातात. प्रत्येक जाहिरातीसाठी एक ओळ व प्रत्येक कामासाठी एक स्तंभ असा तक्ता करून, जे काम मागितले आहे तेथे खूण केली जाते. ज्या जाहिरातींतील खुणा सारख्या, त्यांचा एक गट होतो; पदनामे त्यानंतरच पाहिली जातात. शेवटच्या ८–१० जाहिरातींत एकही नवे काम आढळले नाही, तर नमुना पुरेसा मानता येतो.

== उदाहरण ==
माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षिका ‘पाठाची उद्दिष्टे ठरवणे’, ‘प्रश्नपत्रिका काढणे’, ‘अवघड संकल्पना सोपी करून लिहिणे’ आणि ‘नव्या शिक्षकांना मार्गदर्शन करणे’ अशी यादी करते. पहिली व तिसरी कामे एकत्र मागणाऱ्या जाहिरातींवर ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ किंवा ‘कंटेंट डेव्हलपर’ अशी नावे आढळतात. प्रश्ननिर्मितीचा गट ‘असेसमेंट डेव्हलपर’कडे, तर मार्गदर्शनाचा गट ‘ट्रेनर’कडे नेतो. पहिल्या गटात ई-लर्निंग पाठ तयार करण्याच्या सॉफ्टवेअरची मागणीही वारंवार दिसल्यास तो स्तंभ शिक्षिकेसाठी रिकामा राहतो. कोणत्या पदासाठी नेमके काय शिकावे लागेल, हे अशा रिकाम्या स्तंभांवरून कळते.

== मर्यादा ==
एकच जाहिरात अनेक संकेतस्थळांवर पुन्हा पुन्हा येते. मजकूर शब्दशः सारखा असल्यास ती एकदाच मोजावी लागते, अन्यथा एखाद्या कौशल्याची मागणी फुगलेली दिसते. ‘उत्तम संवादकौशल्य’ यांसारखी जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत येणारी अट गट वेगळे करण्यास निरुपयोगी ठरते. ‘आवश्यक’ व ‘असल्यास प्राधान्य’ या अटी वेगळ्या न नोंदवल्यास उमेदवार स्वतःला विनाकारण अपात्र समजण्याचा संभव असतो. याउलट, कायद्याने बंधनकारक असलेली पदवी किंवा नोंदणी यांची उणीव कितीही खुणा जुळल्या तरी भरून निघत नाही. शिवाय जाहिरातीत लिहिलेले काम आणि प्रत्यक्षातील काम यांत फरक असू शकतो. म्हणून निवडलेल्या पदावर काम करणाऱ्यांकडून खातरजमा करून घेणे इष्ट ठरते.

== प्रमाणित वर्गीकरणे ==
भारताचे ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५’ आणि अमेरिकेच्या श्रम विभागाच्या आश्रयाने चालणारा ‘ओ-नेट’ हा माहितीसंच यांत व्यवसायनिहाय कामांची वर्णने मिळतात. कामांची यादी करताना सुटलेले मुद्दे त्यांवरून लक्षात येतात. मात्र खासगी संस्थांची नवी पदनामे त्यांत असतीलच असे नाही.