कार्यस्थळी मानसिक आरोग्याची अ‍ॅप्स : स्कोपिंग रिव्ह्यूचा प्रोटोकॉल आणि नोंदतक्ता

नोकरदारांच्या मानसिक आरोग्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोबाइल अ‍ॅप्सवर कोणते संशोधन झाले आहे, याचा आढावा घेण्याआधी लिहून ठेवलेली कार्ययोजना. स्कोपिंग रिव्ह्यू संशोधनाचा विस्तार दाखवतो : कोणत्या अ‍ॅपचा अभ्यास कुठे, कोणत्या कामगारांवर आणि कशा रीतीने झाला, आणि कशाचा झालाच नाही. अ‍ॅपमुळे ताण किती कमी होतो हे ठरवणे सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचे आणि मेटा-अ‍ॅनालिसिसचे काम आहे. स्कोपिंग रिव्ह्यूत अभ्यासांच्या दर्जाची तपासणी ऐच्छिक असते, आणि ती केली नसेल तर परिणामकारकतेबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

या पद्धतीची पायाभूत मांडणी हिलरी आर्क्सी आणि लिसा ओमॅली यांनी २००५ मध्ये केली. तिच्यात पाच टप्पे होते : प्रश्न ठरवणे, अभ्यास शोधणे, ते निवडणे, त्यांतील माहिती नोंदवणे आणि ती एकत्र मांडणे. संबंधितांशी सल्लामसलत हा सहावा टप्पा ऐच्छिक होता. २०१० मध्ये लेव्हॅक आणि सहकाऱ्यांनी हे टप्पे अधिक स्पष्ट केले. पुढे ऑस्ट्रेलियातील जोआना ब्रिग्ज इन्स्टिट्यूटने (जेबीआय) सविस्तर मार्गदर्शिका तयार केली आणि २०१८ मध्ये अहवाललेखनासाठी प्रिझ्मा-एससीआर ही यादी आली. तिच्यात २० आवश्यक आणि २ ऐच्छिक मुद्दे आहेत. प्रॉस्पेरो या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत स्कोपिंग रिव्ह्यू नोंदवता येत नाही. म्हणून प्रोटोकॉल बहुधा ओपन सायन्स फ्रेमवर्कवर ठेवतात किंवा नियतकालिकात छापतात. काम सुरू झाल्यावर केलेला प्रत्येक बदल तारीख आणि कारणासह प्रोटोकॉलला जोडावा लागतो.

प्रश्नाची हद्द. जेबीआयच्या पद्धतीत प्रश्न तीन अंगांनी बांधतात : लोक, संकल्पना आणि संदर्भ. येथे लोक म्हणजे नोकरी करणारे प्रौढ, संकल्पना म्हणजे मानसिक आरोग्य सुधारण्यासाठी वापरलेले स्मार्टफोन अ‍ॅप आणि संदर्भ म्हणजे कामाची जागा. वाचायला हे सरळ वाटते, पण तिन्ही अंगांना धूसर कडा आहेत आणि त्यांचा निवाडा शोध सुरू होण्यापूर्वीच करावा लागतो. फोनवर उघडणारे संकेतस्थळ अ‍ॅप धरायचे का? परिचारिका रुग्णांसाठी वापरतात ते समुपदेशनाचे अ‍ॅप घ्यायचे का? अभ्यासातील सगळे सहभागी नोकरदार आहेत, पण अ‍ॅप त्यांना समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीतून मिळाले. तेथे कार्यस्थळाचा संबंध कितपत?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कंपनीने दिलेले अ‍ॅप आणि माणसाने स्वतः शोधलेले अ‍ॅप तांत्रिकदृष्ट्या एकच असू शकते, पण वापरणाऱ्याची परिस्थिती वेगळी असते. आपण नैराश्याची प्रश्नावली भरली हे व्यवस्थापकाला कळेल का, ही शंका पहिल्याच्या मनात असते, दुसऱ्याच्या नसते. म्हणून दोन्ही प्रकारचे अभ्यास घ्यावेत, पण अ‍ॅप कोणत्या वाटेने पोहोचले हे नोंदतक्त्यात वेगळे लिहावे. तसे न करता दोन्हींची सरमिसळ केली, तर ‘कार्यस्थळी’ हा शब्द शीर्षकापुरताच उरतो.

शोध. २००८ पासूनचे साहित्य शोधणे सयुक्तिक ठरते, कारण अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर त्या वर्षीच्या जुलैत सुरू झाले. पबमेडसाठी आरंभीचे शोधवाक्य असे लिहिता येते :

```
("mobile applications"[MeSH Terms] OR smartphone*[tiab]
 OR "mobile app"[tiab] OR "mobile apps"[tiab])
AND ("mental health"[MeSH Terms] OR burnout[tiab]
 OR "job stress"[tiab] OR depress*[tiab] OR anxi*[tiab])
AND (workplace[MeSH Terms] OR employee*[tiab] OR worker*[tiab])
```

यात `app[tiab]` हा सुटा शब्द मुद्दाम टाळला आहे. पबमेडमध्ये ही तीन अक्षरे अल्झायमरच्या संशोधनातील एका प्रथिनाचे लघुनामही आहेत, त्यामुळे असंबद्ध लेखांची रास लागते. नुसता `stress[tiab]` घातला तर पेशींमधील ऑक्सिडेटिव्ह ताणाचे लेख येतात. उलट `worker*` ठेवल्याने गावोगावच्या आरोग्यसेविकांनी इतरांसाठी वापरलेल्या अ‍ॅप्सचे लेख येतात. तो शब्द काढला तर खरे कामगारही हातचे जातात, म्हणून ते लेख निवडीच्या वेळीच वगळावे लागतात. हेच शोधवाक्य सायकइन्फो, एम्बेस आणि सिनाल यांसाठी त्यांच्या त्यांच्या पारिभाषिक सूचीप्रमाणे नव्याने लिहितात. शोधवाक्य बरोबर आहे की नाही याची सोपी परीक्षा अशी : आधीपासून माहीत असलेले मोजके संबंधित लेख निकालात येतात का ते पाहायचे. एखादा आला नाही, तर त्याच्या शीर्षकात आणि सारांशात कोणते शब्द आहेत ते तपासून वाक्य दुरुस्त करायचे.

निवड दोघांनी स्वतंत्रपणे करायची असते. जेबीआयच्या मार्गदर्शनानुसार आधी यदृच्छेने निवडलेली २५ शीर्षके आणि सारांश सगळ्यांनी तपासून पाहावेत. मतैक्य ७५ टक्के किंवा त्याहून अधिक झाले, की प्रत्यक्ष निवड सुरू करावी.

नोंदतक्ता. संपूर्ण लेख वाचून त्यातील माहिती ज्या ठरलेल्या रकान्यांत उतरवतात, तो डेटा चार्टिंग फॉर्म. आढाव्याचे बरे-वाईट येथे ठरते, कारण ज्याला रकाना नाही ते निष्कर्षातही येत नाही. या विषयासाठी पुढील रचना उपयोगी पडते.

| रकाना | काय लिहावे |
|---|---|
| ओळख | लेखक, वर्ष, देश. त्याच चाचणीवरील सर्व लेखांना एक सामाईक क्रमांक |
| कामगार | संख्या, व्यवसाय, कायम की कंत्राटी, पाळी. निरोगी की लक्षणे असलेले |
| अ‍ॅप पोहोचण्याची वाट | मालकाकडून, विम्यातून, कर्मचारी साहाय्य योजनेतून की संशोधकांच्या जाहिरातीतून |
| अ‍ॅप | नाव, आवृत्ती, उपचारपद्धती, माणसाची साथ आहे की नाही |
| सांगितलेला वापर | किती सत्रे, किती दिवस, कामाच्या वेळेत की बाहेर |
| झालेला वापर | उघडणारे किती, सरासरी सत्रे, किमान-कमाल, मोजणी कोणी केली |
| तुलना | प्रतीक्षायादी, दुसरे अ‍ॅप, नेहमीची सेवा की काहीच नाही |
| मोजमाप | प्रश्नावलीचे नाव, केव्हा भरली. रजा किंवा कामाचा ताण मोजला का |
| गोपनीयता | मालकाला काय दिसते याबद्दल लेखातील विधान |
| हितसंबंध | निधी कोणाचा, लेखकांचे अ‍ॅपनिर्मात्याशी नाते |
| आधार | मूळ वाक्य आणि पान |

हा तक्ता खरोखर चालतो का, ते एका अभ्यासावर पाहू. बोस्टॉक आणि सहकाऱ्यांचा २०१९ मधील लेख ब्रिटनमधील दोन मोठ्या कंपन्यांतील २३८ निरोगी कर्मचाऱ्यांवरील चाचणीचा आहे. अ‍ॅप हेडस्पेस, पद्धती माइंडफुलनेस, तुलना प्रतीक्षायादीशी. अ‍ॅपमध्ये १० ते २० मिनिटांची ध्वनिमुद्रित ध्यानसत्रे होती, एकूण ४५. रोज एक सत्र करण्यास सांगितले होते. आठ आठवड्यांनंतर पुन्हा मोजमाप झाले आणि सोळाव्या आठवड्यात आणखी एक प्रश्नावली पाठवली गेली. सहभागींनी सरासरी १७ सत्रे केली. किमान शून्य, कमाल ४५.

आता समजा, तक्त्यात वापरासाठी ‘अनुपालन, टक्के’ असा एकच रकाना आहे. पहिला नोंदकर्ता १७ ला ४५ ने भागतो आणि ३८ टक्के लिहितो. दुसरा म्हणतो, रोज एक सत्र सांगितले होते आणि आठ आठवड्यांचे दिवस ५६ होतात. तो ३० टक्के लिहितो. दोघांचेही गणित बरोबर आहे. चूक रकान्याची आहे, कारण छेद कोणता घ्यायचा हे त्याने सांगितलेले नाही. यावर उपाय म्हणजे टक्केवारी स्वतः न काढता सांगितलेला आणि झालेला वापर वेगळा लिहिणे, आणि आकडे लेखात आहेत तसेच उतरवणे. किमान शून्य आहे यावरून आणखी एक गोष्ट कळते : एकही सत्र न केलेले कर्मचारी सरासरीत धरलेले आहेत. ज्या अभ्यासांत अ‍ॅप एकदा तरी उघडणाऱ्यांचीच सरासरी दिलेली असते, तेथे आकडा साहजिकच मोठा येतो. असे दोन आकडे एका ओळीत मांडले, तर वाचक ज्या अ‍ॅपला चिकाटीचे समजेल ते फक्त वेगळ्या रीतीने मोजलेले असेल.

तुलनेच्या रकान्यातही असेच बारकावे असतात. ऑस्ट्रेलियातील हेडगिअर या तीस दिवसांच्या अ‍ॅपच्या चाचणीत दुसऱ्या गटालाही अ‍ॅप दिले होते, पण ते केवळ मनःस्थिती नोंदवण्याचे. प्रतीक्षायादीवर थांबलेल्या माणसाच्या हाती काहीच नसते. अ‍ॅप मिळाल्याच्या समाधानाने किती फरक पडला आणि अ‍ॅपमधील मजकुराने किती, हे पहिल्या रचनेत बरेचसे वेगळे करता येते, दुसऱ्या रचनेत नाही. दोन्हींची नोंद ‘नियंत्रण गट : आहे’ एवढीच केली तर हा भेद पुसला जातो.

तक्ता वापरण्यापूर्वी चाचणी अटळ आहे. जेबीआय दोन-तीन लेखांवर ती करायला सांगते. लेव्हॅक आणि सहकाऱ्यांनी पहिले पाच ते दहा अभ्यास दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवावेत असे सुचवले होते. या विषयात दुसरा सल्ला अधिक योग्य वाटतो, कारण पहिले दोन-तीन लेख बहुधा कार्यालयीन कर्मचाऱ्यांवरील चाचण्यांचे निघतात. मुलाखतींवर आधारलेला एखादा लेख किंवा कारखान्यातील पाळीच्या कामगारांचा अभ्यास हाती आला, की मग कोणता रकाना अपुरा आहे ते दिसते. दोघांच्या नोंदी वारंवार एकाच रकान्यात वेगळ्या येत असतील, तर नोंदकर्त्यांना दोष देण्याआधी त्या रकान्याची व्याख्या नव्याने लिहावी.

एकाच चाचणीचे आधी प्रोटोकॉल, मग छोटी पूर्वचाचणी, मग मुख्य निष्कर्ष आणि पुढे दुय्यम विश्लेषण असे अनेक लेख निघतात. सामाईक क्रमांक नसेल तर एकच अ‍ॅप चारदा मोजले जाते आणि त्यावर पुष्कळ संशोधन झाल्याचा भास होतो. आवृत्तीचा रकाना बहुतेकदा रिकामा राहतो, तरी तो काढू नये. अ‍ॅप सतत बदलते, आणि अभ्यासलेले अ‍ॅप आज त्याच नावाने मिळणाऱ्या अ‍ॅपसारखे असेलच असे नाही.

रिकाम्या जागेचे अर्थही ठरवावे लागतात. ‘लागू नाही’, ‘लेखात सांगितलेले नाही’ आणि ‘लेखात स्पष्ट नाही’ या तीन वेगळ्या नोंदी आहेत. गोपनीयतेच्या रकान्यात हा फरक विशेष जपायचा. मालकाला वैयक्तिक माहिती दिली जात नव्हती असे लेखकांनी लिहिले असेल, तर ती माहिती आहे; त्यांनी या विषयावर काहीच लिहिले नसेल, तर ती संशोधनातील उणीव आहे. दोन्ही ठिकाणी कोरी चौकट सोडली, तर अंतिम तक्त्यात कामगारांच्या खासगीपणाबद्दलचे मौन दिसतच नाही.

सल्लामसलतीचा सहावा टप्पा या विषयात ऐच्छिक मानू नये. मनुष्यबळ विभागाचे अधिकारी, कामगार संघटनेचे प्रतिनिधी, समुपदेशक आणि अ‍ॅप वापरलेले कर्मचारी यांना तक्त्याचा मसुदा नोंदी सुरू होण्यापूर्वी दाखवावा, म्हणजे त्यांनी सुचवलेला रकाना पहिल्या लेखापासून भरता येतो. बैठक शेवटी घेतली, तर नव्या रकान्यासाठी सगळे लेख पुन्हा उघडावे लागतात.