पेसाहच्या रात्रीचे ताट

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास ज्यू लोकांचा पेसाह हा सण येतो. मराठी बायबलात त्याला ‘वल्हांडण’ म्हटले आहे. २०२५ साली १२ एप्रिलला आपल्याकडे हनुमानजयंती होती आणि त्याच संध्याकाळी पेसाहची पहिली रात्र होती. हा निव्वळ योगायोग नव्हे. ज्यूंचे पंचांगही चांद्रमासाचे आणि अधिकमासाचे आहे. त्यांच्या निसान महिन्याची पंधरावी रात्र ही पौर्णिमेचीच रात्र असते. अधिकमासाचा मेळ चुकला, तर तेवढा एका महिन्याचा फरक पडतो.

मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग या भागांत बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या राहात आले आहेत. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्राएलला गेले. तरी काही हजार माणसे अजून इथे आहेत आणि त्यांची भाषा मराठीच आहे. अशा एखाद्या घरून आपणांस त्या रात्रीचे बोलावणे आले, तर समोर काय दिसेल आणि ते तसे का आहे, एवढेच मला इथे सांगावयाचे आहे.

प्रथम एक व्यवहाराची गोष्ट. जाताना पाव, बिस्किटे, केक असे काही भेट म्हणून नेऊ नये. गहू, जव यांसारख्या धान्याचे जे पीठ फुगते, आंबते, ते या सणाच्या दिवसांत खायचे नाहीच, पण घरातही ठेवायचे नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांत या सणाचे जुने नाव ‘आनशी ढाकाचा सण’ असे होते. म्हणजे आंबटाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. धर्मग्रंथांचा संबंध तुटलेला असतानाही या तेल्यांच्या वस्तीने आंबवणाचा निषेध तेवढा स्मरणात ठेवला होता. दुसरी सूचना अशी की, घरून चार घास खाऊन जावे. कारण जेवण हे त्या रात्रीच्या क्रमाच्या मध्यावर येते आणि तोवर तास-दीड तास सहज जातो.

या रात्रीच्या विधीला ‘सेदेर’ म्हणतात. सेदेर म्हणजे क्रम. हा क्रम ज्या पोथीत असतो ती ‘हग्गादा’, म्हणजे कथन. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत १८४६ साली शिळाप्रेसवर छापली गेली आणि १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत लुगडी नेसलेल्या बाया जमिनीवर बसून सणाच्या भाकऱ्या करताना दाखविल्या आहेत.

आता ताट. ताटात सामान्यतः सहा पदार्थ असतात. भाजलेले हाड, त्याला ‘झेरोआ’ म्हणतात. उकडून भाजलेले अंडे. ‘मारोर’ म्हणजे कडू भाजी. दुसरी एक कडू पालेभाजी, बहुधा सॅलडचा पाला. ‘हारोसेत’ नावाचे गोड वाटण. आणि ‘कार्पास’ म्हणजे कोथिंबीर-अजमोद्यासारखी हिरवी भाजी. शेजारी मीठपाणी किंवा व्हिनेगार. ताटाजवळ फडक्याखाली तीन ‘मात्सा’. मात्सा ही केवळ पीठ आणि पाणी यांची कोरडी भाकरी. पिठाला पाणी लागल्यापासून ती भाजून होईपर्यंत १८ मिनिटांपेक्षा अधिक काळ पीठ नुसते पडून राहता कामा नये, कारण त्यानंतर ते आंबू लागले असे धरतात. प्रत्येकापुढे पेला असतो आणि रात्रीतून चार वेळा द्राक्षरस प्यायचा असतो. बेने इस्राएल घरांत बहुधा मनुका भिजवून केलेले सरबत असते.

यांतले हाड कोणी खात नाही आणि उचलूनही दाखवीत नाही. ते का, हे कळले म्हणजे या ताटाचा इतिहास कळला. यरुशलेमचे मंदिर उभे होते तोवर या रात्रीचे मुख्य अन्न म्हणजे कोकरू. ते मंदिरात कापून अख्खे भाजीत आणि कुटुंबे जमून त्याच रात्री संपवीत. मात्सा आणि कडू भाजी ही त्याच्या जोडीची. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले आणि यज्ञ बंद पडला. ताटातला मुख्य पदार्थच गेला! तेव्हा पंडितांनी त्याच्या जागी दुसरा यज्ञ मांडला नाही. त्यांनी कोकराची आठवण म्हणून एक हाड ठेवले, सणाच्या दुसऱ्या बलीची आठवण म्हणून पुढे अंडे आले, आणि राहिलेल्या जागेत कथा आणून बसविली.

हा बदल एका प्रश्नात स्पष्ट पाहावयास मिळतो. पेला दुसऱ्यांदा भरला की घरातले सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारते. आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का? आज मात्साच का, कडू भाजीच का, भाजी दोनदा का बुडवायची, आणि टेकून का बसायचे? सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या स्मृतिग्रंथाच्या छापील पाठात हेच प्रश्न आहेत. पण टेकण्याचा प्रश्न तेथे नाही. त्या जागी आहे तो असा की, आज मांस फक्त भाजलेलेच का? मंदिर गेले, भाजलेले मांस गेले, तेव्हा तो प्रश्न निरर्थक झाला आणि कालांतराने टेकण्याच्या प्रश्नाने त्याची जागा घेतली.

हे टेकणे कुठून आले? ते रोमन जगातून आले. त्या काळचे श्रीमंत लोक मेजवानीला डाव्या कुशीवर कलून, बैठकीवर रेलून जेवत. आधी भाजी चटणीत बुडवून चघळीत आणि पेल्यांबरोबर चर्चा चाले. गुलाम मात्र उभे राहून वाढीत. ज्या साम्राज्याने मंदिर जाळले, त्याच्याच धनिकांची बैठक या लोकांनी घेतली, पण अट बदलून घेतली. मिश्नातली आज्ञा अशी आहे की, इस्राएलातल्या अगदी दरिद्री माणसानेही त्या रात्री टेकल्यावाचून जेवू नये, आणि तो धर्मादाय अन्नावर जगत असला तरी त्याला चार पेल्यांपेक्षा कमी देऊ नये.

पुढे ‘तालमूद’ ग्रंथात याच्या बारीक चर्चा आहेत. मी उभा जन्म कामगारांत घालविला, म्हणून त्यांतली एक मला विशेष वाटते. शिष्याने गुरूसमोर टेकावे काय? तर टेकू नये, गुरूचा मान मोठा. पण सुताराच्या हाताखालच्या उमेदवाराने मालकासमोर टेकावे काय? त्याने टेकावे. वाढणाऱ्या नोकराचे काय? त्यानेही टेकूनच आपली मात्सा खावी, तरच त्याचे कर्तव्य पुरे झाले. म्हणजे विद्येपुढे नम्र व्हायला हरकत नाही. पण जो मजुरी देतो, त्याच्यापुढे त्या एका रात्री तरी उभे राहण्याचे कारण नाही, असा तो निवाडा आहे.

मुलाच्या प्रश्नांना जे उत्तर मिळते तेच त्या रात्रीचे मुख्य कथन. मिश्नाचा दंडक असा की, आरंभ लाजिरवाण्या गोष्टीपासून करावा आणि शेवट गौरवाने करावा. लाजिरवाणी गोष्ट कोणती, यावर दोन पंडितांत वाद झाला. शमुएल म्हणाला, आम्ही फारोचे गुलाम होतो, ही. रव म्हणाला, आमचे पूर्वज मूर्तिपूजक होते, ही. हग्गादाने दोन्ही मते ठेवून घेतली. गुलामीचा उल्लेख आधी येतो. जगातल्या बहुतेक वंशकथा राजापासून सुरू होतात. ही गुलामापासून सुरू होते. आणखी नवल असे की, ज्या मोशेने लोकांना बाहेर काढले त्याचे नाव या कथनात जवळजवळ येतच नाही. मिसरवर आलेल्या दहा संकटांची नावे घेताना मात्र प्रत्येक नावाला पेल्यातला एकेक थेंब बाहेर टाकतात. शत्रूच्या दुःखामुळे आपला आनंद तेवढा उणा, असा त्याचा एक अर्थ सांगतात.

यानंतर ताटातले पदार्थ तोंडात जातात. मात्साला दोन अर्थ आहेत. ती गरिबाची भाकरी आहे, आणि निघण्याची घाई इतकी की पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, म्हणून ती सुटकेचीही भाकरी आहे. कडू भाजी म्हणजे गुलामीचा कडवटपणा. ती हारोसेतात बुडवून खातात. हे वाटण युरोपात सफरचंद-अक्रोडाचे, आपल्याकडे खजूर उकळून केलेले असते. ते दिसते चिखलासारखे, आणि ते विटांच्या चिखलाचेच स्मरण आहे. बायबलातली ती हकीकत कोणत्याही कारखान्यात समजेल. मोशेने प्रथम सुटका मागितलीच नव्हती. सणासाठी तीन दिवसांची रजा मागितली होती. फारो म्हणाला, हे आळशी झाले आहेत. त्याने विटांसाठी पुरविला जाणारा पेंढा बंद केला, पण विटांचा आकडा तोच ठेवला. मजुरांनी पेंढा स्वतः वेचून आणायचा आणि विटा पूर्वीइतक्याच पाडायच्या. आकडा भरेना, तेव्हा मार बसला तो त्यांच्याच जातीच्या मुकादमांना. ते राजाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले आणि परत आल्यावर मोशेवरच संतापले. संघटनेचा पहिला परिणाम बहुधा असाच असतो!

मग मात्सा आणि कडू भाजी यांचा एकत्र घास घेतात, आणि जेवण वाढतात. जेवणानंतर एकच गोष्ट खायची. आरंभी मधली मात्सा मोडून तिचा मोठा तुकडा लपवून ठेवलेला असतो. पुष्कळ घरांत मुले तो शोधून काढतात आणि बक्षीस मागतात. त्याला ‘आफिकोमान’ म्हणतात. हा शब्द मुळात ग्रीक. मेजवानीनंतर दारू पिऊन घरोघर धुडगूस घालीत फिरणे, असा त्याचा अर्थ धरतात, आणि मिश्नाने कोकराच्या घासानंतर नेमके तेच करू नये असे बजाविले होते. पुढे निषिद्ध गोष्टीचे नाव शेवटच्या घासाला चिकटले. कोकराच्या स्मरणार्थ हा तुकडा मध्यरात्रीपूर्वी खाऊन घेतात. त्यानंतर दुसरे काही खायचे नाही. उरतात ते तिसरा आणि चौथा पेला, जेवणानंतरची प्रार्थना आणि स्तोत्रे.

पाहुण्याला आपण मध्येच काही विचारले तर विधी मोडेल, अशी धास्ती वाटते. ती बाळगू नये. प्रश्न विचारणारे मूल घरात नसेल तर बायकोने विचारावे, कोणीच नसेल तर माणसाने स्वतःलाच विचारावे, आणि दोन विद्वानच जेवायला बसले असले, तरी त्यांनी एकमेकांना विचारावे, असे तालमूद सांगते. कथन सुरू होण्यापूर्वी, जो भुकेला असेल त्याने येऊन जेवावे, अशा अर्थाचे आमंत्रण अरामी भाषेत मोठ्याने वाचतात. अरामी ही त्या काळची बाजारातली, सर्वांना कळणारी बोली होती. आपण मराठीत विचारले, तर या कोकणी घरांत उत्तरही मराठीतच मिळेल.